स्टॉप-लॉस म्हणजे विमा नव्हे, आणि 'मार्केट' म्हणजे बाजारभाव नव्हे

आपल्या सांगली-मिरजेत सध्या शेअर बाजाराच्या क्लासचे बोर्ड बघून घ्या. एकेकाळी इंग्रजी बोलायच्या क्लासचे लागायचे, तसे चौकाचौकात लागलेत. शिकायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो तिथे पहिल्याच तासाला पाठ करून घेतल्या जाणाऱ्या एका वाक्याला: "स्टॉप-लॉस लावा आणि निवांत झोपा."

हे वाक्य चूक आहे. आणि ज्याने ते पाठ केलंय तो माणूस ज्याने काहीच पाठ केलं नाही त्याच्यापेक्षा जास्त धोक्यात आहे, कारण तो खरंच निवांत झोपतो.

मी नऊ वर्षं एका ब्रोकरच्या ऑफिसात डीलर म्हणून बसलोय. फोनवर लोकांच्या ऑर्डरी घेऊन टाकायच्या, हेच काम. तेव्हा गिऱ्हाईक "घाला चारशे" म्हणालं की आम्ही विचारायचो, "काका, कुठल्या भावाने?" आता तो प्रश्न विचारणारं कुणी नाही. मोबाईलवर एक हिरवं बटण आहे, आणि कितीतरी अ‍ॅपांत ऑर्डरचा प्रकार आधीच 'मार्केट' असा निवडून ठेवलेला असतो. नवखा माणूस आकडा टाकतो, बोट सरकवतो, झालं. आपण एक निर्णय घेतलाय, हेच त्याला कळत नाही.

म्हणून आज तीन ऑर्डरी सविस्तर. पोस्ट मोठी आहे, पण पहिला शेअर घ्यायच्या आधी वाचा.

मार्केट ऑर्डर: "मिळेल त्या भावाला घाला"

आपल्याकडे हळदीचा सौदा सगळ्यांना माहीत आहे. खरेदीला माणूस पाठवताना "दहा पोती आण, भाव काहीही होऊ दे" असं कुणी सांगेल का? मार्केट ऑर्डर म्हणजे नेमकं हेच सांगणं. नावावरून वाटतं की बाजारात जो भाव चाललाय त्या भावाला मिळेल. स्क्रीनवर ठळक दिसणारा आकडा मात्र शेवटच्या सौद्याचा असतो. तो होऊन गेलेला सौदा आहे. तुम्हाला कितीला मिळणार, हे आत्ता विकायला कोण उभं आहे आणि किती माल घेऊन उभं आहे यावर ठरतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण छोट्या कंपन्यांत असं चित्र रोज दिसतं. शेवटचा सौदा 142 रुपयांना झालाय. तुम्हाला 400 शेअर हवेत. म्हणजे 56,800 रुपये लागतील, असं तुम्ही धरता. आता मार्केट डेप्थ उघडा. विकणाऱ्यांची रांग अशी आहे: 142.50 ला 60 शेअर, 143.20 ला 40, 145 ला 100, 147.80 ला 150 आणि 149 ला 200.

तुम्ही मार्केट ऑर्डर टाकली की ती ही रांग एका दमात वर चढत जाते. पहिले 60, मग 40, मग 100, मग 150, आणि उरलेले 50 शेअर 149 रुपयांना. एकूण बिल 58,398 रुपये. सरासरी भाव जवळजवळ 146. म्हणजे तुमच्या हिशेबापेक्षा 1,598 रुपये जास्त गेले, आणि कुणीही तुम्हाला फसवलेलं नाही. ऑर्डर अगदी बरोबर पार पडली. तुम्हीच म्हणाला होतात, मिळेल त्या भावाला.

गंमत बघा, हाच माणूस वीस रुपये ब्रोकरेज वाचावं म्हणून जुना ब्रोकर सोडून अ‍ॅपवर आलेला असतो. वीस वाचवले, सोळाशे घालवले. ते सोळाशे कुठल्याही पावतीवर 'खर्च' म्हणून दिसत नाहीत, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

आता न्यायाने बोलायचं तर मार्केट ऑर्डर सगळीकडेच वाईट नाही. निफ्टीतल्या मोठ्या बँकेचे दहा शेअर घेताना खरेदीदार आणि विक्रेता यांच्या भावात काही पैशांचाच फरक असतो आणि रांगेत हजारो शेअर उभे असतात. तिथे मार्केट ऑर्डर टाकली तर काही बिघडत नाही. काही ब्रोकर आता मार्केट ऑर्डरला ठरावीक टक्क्यांच्या पुढे जाऊ न देण्याची सोयही लावतात. पण नवखा माणूस दहा शेअर बँकेचे घेत नाही हो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, कधी नाव न ऐकलेला शेअर घेतो, आणि तोही सव्वानऊला बाजार उघडता उघडता, जेव्हा रांगा सगळ्यात विरळ आणि भाव सगळ्यात अस्थिर असतात.

लिमिट ऑर्डर: "यापेक्षा जास्त देणार नाही"

त्याच शेअरमध्ये तुम्ही 400 साठी 143.50 ची लिमिट ऑर्डर टाकली असती तर? 142.50 चे 60 आणि 143.20 चे 40, असे 100 शेअर लगेच मिळाले असते, तेही त्या-त्या भावाला, 143.50 ला नव्हे. लिमिट म्हणजे कमाल मर्यादा. स्वस्त मिळत असेल तर स्वस्तच मिळतं. उरलेले 300 शेअर 143.50 वर तुमच्या नावाने रांगेत उभे राहतात. आता चढायचं तुम्हाला नाही, उतरायचं विकणाऱ्याला आहे. साडेतीनपर्यंत कुणी उतरला तर सौदा होतो, नाही तर उरलेली ऑर्डर रद्द होते आणि पैसे खात्यात तसेच राहतात.

हाच तिचा तोटा. शेअर वर पळाला तर तुमच्या हाती शंभरच लागतात. क्लासवाले इथेच भीती घालतात, "लिमिट लावली तर संधी हुकते." अहो, दहा वर्षांसाठी शेअर घेणाऱ्याची संधी एका दुपारी हुकत असेल, तर ती संधी नव्हतीच. उद्या पुन्हा बाजार भरतो.

पण लिमिट ऑर्डरमध्ये एक खड्डा आहे आणि त्यात माणसं पडताना मी पाहिलीत. समजा शेअर तुमच्याकडे आला, सरासरी 146. आता तुम्हाला वाटतं, 138 च्या खाली गेला तर विकून टाकू. म्हणून तुम्ही विक्रीची साधी लिमिट ऑर्डर 138 ला टाकून ठेवता. वाट बघायचा प्रश्नच येत नाही, ती लगेच विकली जाते! कारण विक्रीची लिमिट म्हणजे "138 किंवा त्याहून जास्त". आत्ता घेणारे 141.20 ला 80, 140.50 ला 120, 139.60 ला 100 आणि 138.75 ला 150 घेऊन उभे आहेत. तुमचे 400 त्यांच्यात वाटले जातात आणि हातात 55,991 रुपये येतात. 2,407 रुपयांचा तोटा, शेअर खाली गेलेला नसताना. "खाली गेला तरच विक" हे सांगायची सोय वेगळी आहे, आणि तिचंच नाव स्टॉप-लॉस.

स्टॉप-लॉस: वचन कशाचं, ते नीट वाचा

स्टॉप-लॉसमध्ये एक ट्रिगर भाव असतो. त्या भावाला सौदा होईपर्यंत तुमची ऑर्डर झोपलेली असते, रांगेत नसते, कुणाला दिसतही नाही. एक्स्चेंजवर ट्रिगरच्या भावाला किंवा त्याखाली सौदा झाला की ती जागी होते. एकाच शेअरचा सौदा झाला तरी पुरतो. जागी झाल्यावर ती काय होते? फक्त दोन शक्यता आहेत. SL लावली असेल तर ती लिमिट ऑर्डर होते. SL-M लावली असेल तर मार्केट ऑर्डर होते.

म्हणजे स्टॉप-लॉस ही तिसरी, वेगळी, जादूची ऑर्डर नाही. वर सांगितलेल्या दोनपैकीच एक, फक्त उशिरा जागी होणारी. त्या दोघींचे दोष तिच्यात जसेच्या तसे येतात. मार्केट ऑर्डर सौदा होण्याचं वचन देते, भावाचं नाही. लिमिट भावाचं वचन देते, सौदा होण्याचं नाही. स्टॉप-लॉस फक्त "कधी हलायचं" एवढं सांगते. तुमचा तोटा अमुक रकमेवर थांबेल, असं वचन यातलं कुणीच देत नाही.

आता तेच 400 शेअर. ट्रिगर 138, लिमिट 137. हिशेब असा की फार तर नऊ रुपये तोटा, म्हणजे 3,600. संध्याकाळी कंपनीचे निकाल येतात, वाईट. सकाळी शेअर उघडतो थेट 129 ला. 138 आणि 137 हे भाव बाजाराने पाहिलेच नाहीत, वरून उडी मारली. तुमचा ट्रिगर लागतो, ऑर्डर जागी होते आणि "137 पेक्षा कमीला देणार नाही" म्हणत रांगेत उभी राहते. घेणारे 129 ला. शेअर दिवसभर घसरून 123 ला बंद होतो. साडेतीनला तुमची ऑर्डर रद्द होते. 400 शेअर तसेच तुमच्या खात्यात आणि तोटा 9,200. तुम्ही मात्र ऑफिसात सगळ्यांना सांगताय, "माझा स्टॉप-लॉस होता, मी बाहेर पडलो."

त्याऐवजी SL-M असती तर? विक्री झाली असती, पण 129 ला किंवा त्याखाली. तोटा 6,800 च्या पुढे. यात 138 कुठेच आला नाही.

हे पुस्तकी उदाहरण वाटत असेल तर येस बँक आठवा. 5 मार्च 2020 ला शेअर सुमारे 37 रुपयांवर बंद झाला. बाजार बंद झाल्यावर, संध्याकाळी, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी तो शेअर एका क्षणी सहा रुपयांच्याही खाली गेला आणि 16 च्या आसपास बंद झाला. एका दिवसात अशी दरी पडते तिथे ट्रिगर आणि लिमिटमधलं रुपयाभराचं अंतर काय वाचवणार? आणि SL-M मधून जो त्या तळाच्या भावाला विकला गेला, त्याने दिवसअखेरच्या भावापेक्षाही कितीतरी स्वस्तात माल दिला.

दुसरा प्रकार लोअर सर्किटचा. बऱ्याच शेअरना एका दिवसात 5, 10 किंवा 20 टक्के अशी मर्यादा असते. भाव त्या तळाला टेकला की घेणारा एकही उरत नाही, नुसती विकणाऱ्यांची रांग. 2023 च्या जानेवारी-फेब्रुवारीत अदानी टोटल गॅस दिवसामागून दिवस असा लोअर सर्किटला अडकत होता. अशा वेळी तुमचा स्टॉप-लॉस लागतो आणि हजारो जणांच्या मागे रांगेत जाऊन उभा राहतो. समोर घेणारा नसेल तर विकायचं कुणाला?

तिसरा प्रकार उलटा, म्हणजे कंपनीला काहीच झालेलं नसताना शेअर विकला जाणं. 5 ऑक्टोबर 2012 ला एका ब्रोकरच्या डीलरने चुकीच्या ऑर्डरी टाकल्या आणि निफ्टी काही क्षणांत साधारण 900 अंक कोसळला. सौदे थांबवावे लागले. थोड्या वेळाने बाजार पुन्हा सुरू झाला आणि भाव बरेचसे पूर्ववत झाले. अशा क्षणी ज्याची SL-M जागी होते त्याचा माल तळाला जातो, आणि भाव परत येतात तेव्हा त्याच्या हातात शेअर नसतो. अशाच विचित्र भावांच्या सौद्यांमुळे एनएसईने 2021 मध्ये ऑप्शन्समधली SL-M बंद केली आणि बीएसईने ऑक्टोबर 2023 पासून SL-M घेणंच थांबवलं. एक्स्चेंजलाच ज्या ऑर्डरची धास्ती वाटली, ती आपल्याकडे पहिल्या तासाला 'सुरक्षा' म्हणून शिकवली जाते.

आणि ती रात्रभर टिकतही नाही

साधा स्टॉप-लॉस एका दिवसाचा असतो. सोमवारी लावला, साडेतीनला गेला. मंगळवारी तुम्ही उघडे. म्हणून अ‍ॅपवाले जीटीटी देतात. ती बऱ्याच ब्रोकरांकडे वर्षभर चालते, पण लक्षात घ्या, ती एक्स्चेंजकडे नसते, ब्रोकरच्या संगणकात असते. भाव लागला की तिथून तुमच्या वतीने लिमिट ऑर्डर पाठवली जाते. वरचं 129 चं उदाहरण जीटीटीला जसंच्या तसं लागू आहे. वर आणखी एक मेख: तुम्ही डीडीपीआयवर सही दिली नसेल, तर डिमॅटमधला शेअर विकायला त्या दिवशी टीपिन टाकून मंजुरी द्यावी लागते. मंजुरी नसेल तर जीटीटी सुटते आणि ऑर्डर नामंजूर होते. तुम्ही शेतात, किंवा वर्गावर, किंवा एसटीत. मोबाईलवर एक मेसेज येऊन पडतो. इतकंच.

मग हा मंत्र आला कुठून?

"प्रत्येक सौद्याला स्टॉप-लॉस" हा नियम इंट्राडे करणाऱ्यांचा आहे. तो माणूस उसन्या ताकदीवर मोठा सौदा करतो, दुपारी सगळं मिटवतो, रात्री त्याच्याकडे काही नसतं. रात्रीच्या दरीत तो पडत नाही आणि दिवसभर स्क्रीनसमोर असतो. त्याला स्टॉप-लॉस हवाच. तो नियम उचलून, स्वतःच्या पगारातून पूर्ण पैसे भरून शेअर घेणाऱ्या शिक्षकाच्या माथी मारला, ही खरी चूक.

जो शेअर एरवीही दिवसाला तीन टक्के वरखाली होतो, त्याला पाच टक्क्यांचा स्टॉप-लॉस लावला तर महिन्याभरात तो काहीही न घडता लागतो. मग माणूस पुन्हा तोच शेअर वरच्या भावाला घेतो. प्रत्येक फेरीत खरेदीवर 0.1 टक्के आणि विक्रीवर 0.1 टक्के एसटीटी, विक्रीला डीपीचं शुल्क वेगळं, आणि छोट्या शेअरमध्ये रांग चढायचा-उतरायचा खर्च तर वर पाहिलाच. या येरझाऱ्यांत कमाई कुणाची होते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मी काय सांगतो

खरेदी करताना आधी डेप्थ उघडा. तुम्हाला हवे तेवढे शेअर पहिल्या एक-दोन भावांत उभे आहेत का, ते बघा. असतील तर विकणाऱ्याच्याच भावाची लिमिट टाका, लगेच मिळतील. नसतील तर कमी घ्या, किंवा लिमिट लावून थांबा. सकाळची पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडा. विकतानाही हेच, फक्त घेणाऱ्यांची बाजू बघा. चारशे शेअरना समोर घेणारे ऐंशीच दिसत असतील, तर या शेअरमधून बाहेर पडणं कधीच सोपं नसणार, हे घ्यायच्या आधीच कळलं पाहिजे.

तोटा मर्यादेत ठेवायचा तर तो खरेदीच्या वेळी ठेवा. दोन लाख गुंतवायचे असतील आणि एका छोट्या कंपनीत दहा हजारच घातले, तर येस बँकेसारखी रात्र आली तरी तुमचं नुकसान दहा हजाराच्या पुढे जाऊ शकत नाही. ही मर्यादा कुठलीही दरी ओलांडू शकत नाही, तिला ट्रिगर नाही, टीपिन नाही, साडेतीनला ती रद्द होत नाही. त्याखेरीज भावाची सूचना लावून ठेवा. 138 ला मोबाईल वाजू दे. मग कंपनीत काय झालंय ते वाचा, डेप्थ बघा आणि विकायचंच असेल तर लिमिट लावून विका.

कुणाला तरीही स्टॉप-लॉस लावायचाच असेल तर भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये लावा, ट्रिगर आणि लिमिटमध्ये पुरेसं अंतर ठेवा, आणि तो दिवसा चालतो, रात्री नाही, हे लक्षात असू द्या.

अ‍ॅपवाल्यांकडे माझी मागणी साधी आहे. पहिल्यापासून निवडलेला प्रकार 'लिमिट' ठेवा. मार्केट ऑर्डर टाकणाऱ्याला शेवटचं बटण दाबायच्या आधी समोरची रांग बघून अंदाजे सरासरी भाव दाखवा. आकडे तुमच्याकडे आहेतच.

आणि ज्यांनी क्लासची फी भरलीय त्यांनी उद्या सरांना एकच प्रश्न विचारा: "सर, ट्रिगर 138, लिमिट 137, आणि सकाळी शेअर 129 ला उघडला, तर माझ्या 400 शेअरचं काय होतं?" उत्तर "विकले जातात" असं आलं, तर फी परत मागा.